नव्या वाहनावरचा रस्ता कर

नवी मोटार घेताना शोरूमची किंमत आणि ऑन-रोड किंमत यांत जो मोठा फरक दिसतो, त्यातला बहुतेक वाटा दोन गोष्टींचा असतो. एक विमा आणि दुसरा रस्ता कर. विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ग्राहक ठरवू शकतो. रस्ता करात मात्र घासाघीस नाही. आरटीओच्या नोंदणी फीशीही त्याची गल्लत होऊ नये. खासगी मोटारीची नोंदणी फी अवघी ६०० रुपये आहे आणि ती देशभर सारखी आहे. रस्ता कर लाखाच्या घरात जातो आणि राज्याराज्यांत वेगळा असतो, कारण रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो.

हा कर भरण्याच्या दोन रीती आहेत. खासगी दुचाकी आणि मोटारींना एकरकमी कर लागतो. नोंदणी होतानाच तो भरायचा, की पुढची १५ वर्षे, म्हणजे नोंदणीची पहिली मुदत संपेपर्यंत, त्याकडे पाहावे लागत नाही. जड मालवाहू ट्रक आणि प्रवासी बस यांचा कर ठरावीक मुदतीने, दर तिमाहीला किंवा दर वर्षाला भरावा लागतो. या फरकामागे सोयीचा विचार आहे. घरच्या मोटारीचा मालक दरवर्षी काही हजारांसाठी आरटीओत रांग लावणार, एखादे वर्ष विसरणार, मग दंड आणि थकबाकी. सरकारलाही लाखो छोट्या पावत्यांच्या मागे धावावे लागणार. ट्रकचे तसे नाही. तो रोज कमावतो, रोज रस्ता झिजवतो, आणि त्याच्या मालकाला पंधरा वर्षांचा कर पहिल्याच दिवशी देणे जड जाते.

एकरकमी कराचे दर मोटारींसाठी तीन गोष्टींवर ठरतात: किंमत, इंधन आणि मालक कोण. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त, म्हणजे १३, १४ आणि १५. सीएनजी आणि एलपीजीच्या मोटारींना सवलत आहे. त्यांचे दर ७ ते ९ टक्के होते, ते जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढून ८, ९ आणि १० झाले. मोटार कंपनीच्या नावावर असेल किंवा परदेशातून आयात केलेली असेल, तर पेट्रोल-डिझेलवरचा दर सरळ २० टक्के होतो.

यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आयकरात वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. रस्ता करात टप्पा ओलांडला, की नवा दर संपूर्ण किमतीला लागतो. समजा, एका पेट्रोल मोटारीची किंमत ९ लाख ९० हजार आहे. ११ टक्क्यांनी तिचा कर १ लाख ८ हजार ९०० रुपये होतो. त्याच मोटारीचे थोडे वरचे मॉडेल १० लाख १० हजारांना मिळते. तिला १२ टक्के दर लागतो आणि कर होतो १ लाख २१ हजार २०० रुपये. किंमत वाढली २० हजारांनी, कर वाढला १२ हजार ३०० रुपयांनी. म्हणजे २० हजारांचे वरचे मॉडेल प्रत्यक्षात ३२ हजारांहून जास्त महाग पडते. १० किंवा २० लाखांच्या उंबरठ्यावरची मोटार निवडताना हे गणित आधी मांडावे, आणि विक्रेता ते मांडून दाखवेलच असे गृहीत धरू नये.

आता १० लाख १० हजारांचीच किंमत कायम ठेवून बाकीच्या गोष्टी बदलल्या, तर काय होते? डिझेल मोटारीवर १४ टक्क्यांनी १ लाख ४१ हजार ४०० रुपये कर होतो, सीएनजीवर ९ टक्क्यांनी ९० हजार ९०० रुपये. पेट्रोल मोटार छोट्या कंपनीच्या नावावर घेतली, तर २० टक्क्यांनी २ लाख २ हजार रुपये. एकाच किमतीच्या मोटारींच्या करात १ लाख ११ हजारांच्या आसपासचा फरक पडला, तोही निव्वळ इंधन आणि कागदावरचे नाव बदलल्याने. धंद्याचा खर्च दाखवता येतो म्हणून मोटार कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनी हा जादा कर आधी हिशेबात धरायला हवा. बऱ्याचदा तो नंतर, पावती हाती आल्यावर कळतो.

कर शोरूमच्या किमतीवर लागतो आणि त्या किमतीत जीएसटी आधीच मिसळलेला असतो. म्हणजे एका करावर दुसरा कर. त्याचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्यांच्या किमती उतरल्या आणि राज्याचा दर तसाच असूनही रस्ता कर आपोआप कमी झाला. विम्याचा हप्ता आणि शोरूममध्ये वरून बसवून घेतलेल्या वस्तू, म्हणजे सीट कव्हर, मॅट वगैरे, यांवर मात्र हा कर लागत नाही.

फार महागड्या मोटारींसाठी कराला वरची मर्यादा आहे. २०१७ मध्ये दर वाढवले गेले, तेव्हा ती २० लाख रुपये ठरवली होती. जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. १३ टक्के दराने सुमारे २ कोटी ३१ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर कर ३० लाखांना पोहोचतो. त्यापुढे मोटार ५ कोटींची असली, तरी कर ३० लाखच. १३ टक्क्यांनी तो ६५ लाख झाला असता. मध्यमवर्गीयाच्या मोटारीला पूर्ण दर आणि कोट्यधीशाच्या मोटारीला सूट, हे पाहायला खटकते. पण मर्यादा नसेल, तर अशा मोटारी महाराष्ट्रात नोंदवल्याच जात नाहीत. त्या कमी कराच्या राज्यात नोंदवून मुंबईच्या रस्त्यांवर फिरवल्या जातात आणि राज्याला काहीच मिळत नाही. पुदुच्चेरीच्या नोंदणीच्या महागड्या गाड्या केरळच्या रस्त्यांवर फिरत होत्या, तेव्हा हाच प्रकार उघड झाला होता.

दुचाकींना किमतीचे टप्पे नाहीत, इंजिनाचे आहेत. ९९ सीसीपर्यंत किमतीच्या १० टक्के, ९९ ते २९९ सीसीला ११ टक्के आणि त्यावर १२ टक्के. बाजारातल्या बहुतेक स्कूटर आणि मोटारसायकली मधल्या गटात येतात, म्हणून एक लाखाच्या स्कूटरवर ११ हजार रुपये कर धरावा. विजेवर चालणाऱ्या वाहनांना राज्याच्या २०२५ च्या धोरणाने करमाफी दिली आहे. ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होता, तो नंतर मागे घेण्यात आला.

ठरावीक मुदतीच्या कराची मोजणी वेगळ्या पायावर होते. ट्रकचा कर त्याच्या भारासह नोंदलेल्या एकूण वजनावर ठरतो, बसचा आसनांच्या संख्येवर. वजनाला आधार धरण्याचे कारण रस्त्यातच आहे. धुरीवरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुपटीने नव्हे, सोळा पटींच्या आसपास वाढते, असे रस्तेबांधणीचे अभियंते धरतात. कर अर्थातच त्या प्रमाणात वाढत नाही. वाढला असता तर मालवाहतूक परवडली नसती. साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना मात्र महाराष्ट्रात आता किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे.

मुदतीच्या करात मालकाने दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. कर वेळेत भरला नाही, तर थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के व्याज चढते. आणि गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर ती वापरात नसल्याची सूचना आधीच आरटीओला द्यावी लागते. इंजिन खोलून गाडी गॅरेजमध्ये सहा महिने पडली आणि सूचना दिलीच नाही, तर गाडी वापरात होती असे धरून कर मागितला जातो. यातले मूळ तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंद आवारातच चालणाऱ्या गाड्यांचा तो वाद होता. आंध्र प्रदेशच्या कायद्याखाली, सार्वजनिक ठिकाणी न वापरलेल्या आणि तिथे वापरण्यासाठी न ठेवलेल्या वाहनावर त्या काळापुरता कर आकारता येत नाही, असा निकाल लागला.

एकरकमी कराची खरी अडचण बदलीच्या वेळी येते. पुण्याच्या कुटुंबाने १ लाख २१ हजार भरून मोटार घेतली आणि तीन वर्षांनी बंगळुरूला बिऱ्हाड हलवले. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ राहणारी गाडी तिथे नव्याने नोंदवणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी पुण्याच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मग कर्नाटकचा कर गाडीच्या वयानुसार घटवून भरायचा. कर्नाटकचे दर देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहेत. १० ते २० लाखांच्या मोटारीला तिथे १७ टक्के पडतात. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मिळतो, पण तो आपोआप येत नाही. नवी नोंदणी झाल्याचा पुरावा जोडून मूळ आरटीओत अर्ज करावा लागतो. मूळ पावती सापडत नाही म्हणून किंवा खेपा नकोत म्हणून हा अर्ज अनेक जण करतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

याच अडचणीवर केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा क्रमांक आणला. संरक्षण दलातले, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच ज्यांची कार्यालये किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत आहेत अशा खासगी कंपन्यांचे नोकर तो घेऊ शकतात. यात पंधरा वर्षांचा कर एकदम नाही; दर दोन वर्षांनी त्या मुदतीचा हिस्सा भरायचा. दर १० लाखांखाली ८ टक्के, १० ते २० लाखांना १० आणि त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. बदली झाली तरी क्रमांक तोच राहतो, परताव्याचा प्रश्न येत नाही. हप्ता चुकला, तर सात दिवसांनंतर रोज १०० रुपये विलंब शुल्क लागते. ज्याची बदली होणारच नाही, त्याने केवळ सुरुवातीची रक्कम लहान दिसते म्हणून हा क्रमांक घेऊ नये; विजेच्या मोटारीच्या बाबतीत तर महाराष्ट्रात माफ असलेला कर तो स्वतःहून भरत राहील.

पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून शोरूमची किंमत, इंधनाचा प्रकार, मालकाचा प्रकार आणि त्यावर धरलेला टक्का लेखी घ्यावा. नोंदणीनंतर करपावतीवरची रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी आणि ती पावती गाडी विकेपर्यंत जपून ठेवावी.