विरजणाची वाटी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. दहा मिनिटांत आटपायचं आणि कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. पहिली पाळते. दुसरी थोडीशी मोडणार आहे.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून कबुली देऊन टाकते. धडा संपला की बाई विचारायच्या, "कुणाला शंका?" पाच वर्षांत माझा हात एकदाही वर गेला नाही. तुम्हाला वाटायचं, हिला सगळं येतं. खरं म्हणजे मला भूमितीतलं निम्मं कळत नसे. घरी जाऊन, रात्री जागून, एकटीनं ते सोडवायचं, पण विचारायचं नाही. वडील लवकर गेले होते. आई शिवणकाम करायची आणि एकच सांगायची, कुणापुढे हात पसरायचा नाही. तिनं ते पैशांबद्दल सांगितलं होतं. मी ते कंपासपेटीतल्या कर्कटकापर्यंत नेलं.

पुढे इंजिनिअरिंगला आणि नोकरीत या सवयीचं कौतुकच झालं. तिला हल्ली हायपर-इंडिपेंडन्स म्हणतात, म्हणजे अतिस्वावलंबन. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं फार पूर्वीच 'सक्तीचं स्वावलंबन' अशा अर्थाचा शब्द वापरला होता. त्यातला 'सक्तीचं' हा शब्द मला पटतो. एकटीनं करणं मला जमत होतं हे खरंच, पण दुसरं काही जमतच नव्हतं.

हे मला कळलं तीन वर्षांपूर्वी. पित्ताशयात खडे झाले, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. नवरा कामासाठी परदेशात होता. आईला मी कळवलंच नाही. सकाळी सातला उपाशीपोटी एकटीच रिक्षानं हॉस्पिटलात गेले. फॉर्ममध्ये 'सोबतच्या नातेवाईकाचा मोबाइल' असा रकाना होता. तिथं मी माझ्याच दुसऱ्या सिमचा नंबर लिहिला! काउंटरवरच्या मुलीनं तो फिरवला आणि फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, भूल देणार आहेत. सोबत कुणी असल्याशिवाय दाखल करता येणार नाही."

मी बाकावर बसून फोनमधली नावं वरखाली करत राहिले. सहाशेच्या वर नंबर होते. पाऊण तास गेला, पण एकालाही फोन करवेना. 'त्याला ऑफिस असेल', 'तिची मुलं लहान आहेत', 'इतक्या वर्षांनी फोन आणि तोही कामासाठी?' प्रत्येकाच्या वतीनं नकार मीच देत होते.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना फोन लावला. वीस मिनिटांत काकू हजर, घरातल्याच साडीवर. दिवसभर थांबल्या. संध्याकाळी मी शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "अगं, अकरा वर्षं समोर राहतेस. कधी विरजणसुद्धा मागितलं नाहीस. आम्हाला वाटायचं, हिला आम्ही आवडत नाही."

टाके दुखत होते, पण हे वाक्य जास्त लागलं. आपण कुणाला त्रास देत नाही, म्हणजे आपण चांगले, असं मी समजत होते. समोरच्या दारात त्याचा अर्थ 'हिला आमच्यावर विश्वास नाही' असा लागत होता.

आता अट मोडते. आमच्याकडे लिहिलेला कोड थेट वापरात जात नाही, तो आधी सहकाऱ्याला वाचायला द्यावा लागतो. एकदम दोन हजार ओळी दिल्या तर तो वरवर बघतो आणि 'LGTM' लिहून मोकळा होतो, म्हणजे 'मला ठीक वाटतंय'. चाळीस ओळी दिल्या तर खरंच वाचतो आणि चूकही दाखवतो. माझं आयुष्य दोन हजार ओळींचं झालं होतं. अकरा वर्षं काही मागायचं नाही आणि पहिलीच मागणी ऑपरेशनची. म्हणून ठरवलं, आठवड्याला एक छोटी विनंती करायची. इतकी छोटी, की नकार आला तरी माझं काही अडणार नाही.

पहिली विनंती अर्थातच विरजणाची. खाली दुकानात दही मिळत होतं, तरी वाटी घेऊन समोरची बेल वाजवली. दोन चमचे विरजण मागताना तळहाताला घाम आला होता, हसू नका. संध्याकाळी मी वाटीत बेसनाचे लाडू घालून परत दिली. काकू म्हणाल्या, "रिकामी वाटी देऊ नये, खरंय. पण त्याच दिवशी? हिशेब चुकता केलास की काय?" मी तेच केलं होतं. तेव्हापासून फेड लगेच करायची नाही, असं ठरवलं. थोडं देणं शिल्लक राहिलं तर पुन्हा दार वाजवायला कारण राहतं.

ऑफिसात पूर्वी मी अडले की दोन-तीन दिवस एकटी झगडत असे. आता अर्धा तास प्रयत्न करते आणि मग तीन ओळी लिहून विचारते. काय करायचंय, काय करून पाहिलं, कुठं अडलंय. एकदा एका ज्युनिअर मुलाला त्यातला एक भाग करायला दिला. त्यानं केला. रात्री बसून मी तो माझ्या पद्धतीनं पुन्हा लिहिला! सकाळी त्यानं ते पाहिलं, बोलला काही नाही, पण पुढे महिनाभर आपणहून पुढे आला नाही. माफी मागावी लागली. मदत घेतली की त्याची पद्धतही घ्यावी लागते, हे अजून मला जड जातं.

आणखी एक खोड मोडावी लागली. "आज पाठ फार दुखतेय बाई" असं चौघांत म्हणायचं आणि कुणी पिशवी उचलली नाही की मनात रुसायचं. ती विनंती नव्हतीच. "ही पिशवी गेटपर्यंत घेशील का?" ही विनंती.

2008 साली फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. मागणाऱ्यांना वाटलं, साधारण वीस जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दहाएक जणांतच काम झालं. कारण साधं आहे. मागणारा समोरच्याला किती तोशीस पडेल ते मोजतो, आणि समोरच्याला 'नाही' म्हणणंच अवघड वाटत असतं. हे वाचून मला हायसं वाटलं आणि जरा भीतीही वाटली. होकार असा संकोचातून येऊ शकत असेल, तर नकाराची वाट मीच मोकळी ठेवायला हवी. म्हणून "जमत नसेल तर राहू दे, दुसरी सोय आहे" हे मी आधीच सांगते. आणि ती सोय खरोखर असावी लागते.

पहिल्या दोन महिन्यांची नोंद वहीत आहे. नऊ विनंत्या, सात होकार, एक नकार, एक जण विसरला. नकार देणाऱ्या मैत्रिणीनं आठवड्यानं मलाच काम सांगितलं, म्हणजे नातं काही तुटलं नाही. काही माणसं मात्र केलेलं काम जन्मभर ऐकवतात. त्यांच्याकडे मी मागत नाही आणि त्याबद्दल मला अपराधीही वाटत नाही.

गेल्या वर्षी काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांची मुलं परगावी असतात. त्यांनी माझी बेल वाजवली आणि म्हणाल्या, "तू येशील ना सोबत? तुझ्या त्या दुसऱ्या सिमला नको सांगूस."

बाई, आज हात वर करते. शंका नाही, विनंती आहे. उद्या सकाळी सहाची एस.टी. आहे आणि माझ्याकडे दोन बॅगा आहेत. स्टँडपर्यंत कुणी सोडेल का? जमत नसेल तर राहू द्या, रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय.