दहाव्या बरगडीचं टोक



आपल्या या मेळाव्यात बहुसंख्य मंडळी गावोगावी आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारी आहेत. म्हणून आजच्या भाषणासाठी मी असं दुखणं निवडलं आहे, जे तुमच्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसतं आणि बहुतेक वेळा चुकीचं नाव घेऊन परत जातं. छातीच्या खालच्या भागात, एकाच बाजूला, वाकताना किंवा वळताना चमक मारते. पेशंट सांगतो, "डॉक्टर, उसण भरलीय." कुणी सांगतं की गॅस अडकलाय. आपण छातीला स्टेथोस्कोप लावतो, पोट दाबून पाहतो, चाळिशी ओलांडलेली असेल तर ईसीजी काढतो. हे सगळं योग्यच आहे. पण सगळं नॉर्मल आल्यावर आपण कागदावर 'इंटरकॉस्टल न्यूराल्जिया' लिहितो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. ते करताना माझी जी चूक झाली, ती आज तुमच्यासमोर मांडतो.

लासलगावच्या बाजूची एक बाई माझ्याकडे आली. वय ३१, कांद्याच्या खळ्यावर निवडणीचं काम. दिवसभर मांडी घालून पुढे वाकून बसायचं, समोरच्या ढिगातून कांदा उचलायचा, पात कापायची आणि डावीकडे वळून पाटीत टाकायचा. उजव्या बरगडीखाली दीड वर्षापासून दुखत होतं. आधी एका ठिकाणी सोनोग्राफीत पित्ताशयात एक लहान खडा दिसला होता. पित्ताशय काढून झालं, टाके भरून आले, पण खळ्यावर परत बसल्यावर तिसऱ्या दिवशी तीच चमक आली. मी तिला उताणं झोपवलं, पोट तपासलं, पाठीकडून नवव्या बरगडीच्या खालच्या कडेला भुलीचं इंजेक्शन दिलं. दुखणं दहा मिनिटांत गेलं. मी खूश झालो. नस बधिर केल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे दोष नसेचाच, असा हिशेब करून प्रेगाबॅलिन सुरू केलं. पाच दिवसांनी ती परत आली. दुखणं होतंच, वर गोळीने दिवसभर झापड. मी डोस वाढवला. त्यानंतर तिने तीन महिने तोंड दाखवलं नाही.

माझा हिशेब नेमका कुठे चुकला, हे समजायला बरगड्यांची रचना आठवावी लागते. वरच्या ७ बरगड्या आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. ११ आणि १२ मोकळ्या. मधल्या ८, ९ आणि १० या तिघींची सोय वेगळी आहे. त्यांची कूर्चा हाडापर्यंत पोचतच नाही. ती वरच्या बरगडीच्या कूर्चेला तंतुमय पट्ट्याने टेकलेली असते. हा पट्टा मार लागल्याने, जोराच्या खोकल्याने किंवा वारंवार पिळल्याने सैल झाला, किंवा काहींमध्ये मुळातच कमजोर असला, की त्या कूर्चेचं टोक सुटतं. माणूस वाकला वा वळला की ते टोक वरच्या बरगडीच्या मागे सरकतं. नेमकी त्याच बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जात असते: वर शीर, मध्ये धमनी, खाली नस, असा क्रम आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. सरकलेलं टोक त्या नसेवर घासतं.

म्हणजे सरकत्या बरगडीतही दुखतं ते त्याच नसेतून. हा मुद्दा आजच्या भाषणाचा कणा आहे. पाठीकडे नस बधिर केली की तिच्या पुढच्या सगळ्या टापूतून येणारी वेदना बंद पडते, मग ती नस स्वतः आजारी असो, किंवा कूर्चेच्या टोकाने चिमटलेली असो. इंजेक्शनने दुखणं थांबलं यावरून एवढंच कळतं की वेदना त्या वाटेने येते. ती सुरू कुठून होते, हे इंजेक्शन सांगत नाही. मी वाटेलाच उगम समजलो.

तीन महिन्यांनी बाई परत आली ती सासूला घेऊन. सासूने सांगितलं, "ही वाकली की आत कट्टकन वाजतं, मला शेजारी बसून ऐकू येतं." हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग बोलताना आणखी दोन गोष्टी निघाल्या. झोपताना उजव्या कुशीवर वळलं की दुखायचं. आणि दुखायला लागलं की ती आपोआप ताठ बसून बोटांनी बरगडीची कड खाली दाबायची, मग चमक ओसरायची. कुठे दुखतं असं विचारल्यावर तिने तळहात फिरवला नाही, एक बोट ठेवलं, दहाव्या बरगडीच्या टोकावर.

मग मी ती चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पेशंटला उताणं झोपवून गुडघे वाकवायला लावायचे, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. आपली बोटं हुकासारखी वाकवून बरगडीच्या कडेखाली घालायची आणि कड हळूच पुढे व वर ओढायची. आधी न दुखणाऱ्या बाजूला करायचं, म्हणजे पेशंटला साधं ताणणं कसं वाटतं ते कळतं. मग दुखऱ्या बाजूला. उजवीकडे बोट घातल्याबरोबर माझ्या बोटाला टचकन काहीतरी सरकल्याचं जाणवलं आणि ती म्हणाली, "हेच! हेच दुखतं." हा 'हेच' शब्द फार महत्त्वाचा आहे. नुसता आवाज आला तर त्याला किंमत देऊ नका, निरोगी माणसातही तो येतो. नुसतं दुखलं तरी पुरेसं नाही, कारण ती जागा जोरात ओढली तर कुणालाही दुखेल. पेशंटने आपलं नेहमीचं दुखणं ओळखलं पाहिजे. लठ्ठ माणसात, किंवा भीतीने पोट ताठ धरणाऱ्यात ही चाचणी नीट होत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

ही काही नवी विद्या नाही. एडगर सिरियाक्स यांनी या दुखण्याचं वर्णन १९१९ साली केलं, डेव्हीज-कॉली यांनी १९२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याला सरकत्या बरगडीचं नाव दिलं, आणि हुकाची ही चाचणी १९७७ सालापासून छापील स्वरूपात आपल्यासमोर आहे. एक्स-रेत आणि सीटी स्कॅनमध्ये मात्र हे दिसत नाही, कारण ती चित्रं माणूस निश्चल असतानाची असतात. सोनोग्राफी उपयोगी पडते, पण कशी करायची हे रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीत लिहून द्यावं लागतं: वरवरचा लीनिअर प्रोब ८, ९ आणि १० च्या टोकांवर ठेवा, पेशंटला अर्धवट उठून बसायला सांगा, बरगडी दाबून पाहा, दोन्ही बाजूंची तुलना करा. 'पोटाची सोनोग्राफी' एवढंच लिहिलं तर रिपोर्ट नॉर्मल येणार, किंवा या बाईसारखा एखादा निरपराध खडा सापडणार.

आता नस स्वतःच आजारी असते तेव्हा काय दिसतं? त्याच महिन्यात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आला होता. त्यालाही वळताना दुखत होतं, डाव्या बाजूला, चार दिवसांपासून. पण त्याने एक बोट ठेवलं नाही. पाठीच्या कण्यापासून पुढे पोटापर्यंत हाताने पट्टा ओढून दाखवला. दुखणं तो 'जळजळ' या शब्दात सांगत होता, आणि स्वस्थ बसला तरी ते थांबत नव्हतं. बनियनचा स्पर्श सहन होत नाही म्हणून सदऱ्याच्या आत उघडाच होता. कापसाचा बोळा मणक्यापासून पुढे फिरवला तर त्या पट्ट्यात तो दचकत होता आणि शेजारच्या कातडीवर काहीच नव्हतं. हुकाची चाचणी दोन्ही बाजूंना शांत. मी त्याला सांगितलं की पुरळ दिसताच त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोड आले. नागीण. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायच्या असतात, आणि आपण वेळेत होतो. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही भीती त्याच्या घरच्यांना होती. ती काढायला मला गोळ्या लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो वेळ मी दिला.

नस आजारी पडण्याची इतर कारणंही अशीच पट्ट्याने बोलतात: बरगडीचं जुनं फ्रॅक्चर, छातीवरची शस्त्रक्रिया, बरेच दिवस अनियंत्रित असलेला मधुमेह. यात एक कारण आपल्याकडे विसरून चालणारच नाही, ते म्हणजे मणक्याचा टीबी. पट्ट्यासारखं दुखणं, रात्री वाढणारं, त्यात अंगात कणकण आणि वजन उतरलेलं, मणक्यावर ठोकलं की कळ. अशा पेशंटला न्यूराल्जिया म्हणून गोळ्यांवर ठेवलं तर पाय लुळे पडल्यावरच निदान होतं. आणि धाप लागत असेल, थुंकीत रक्त असेल, पोटरी सुजलेली असेल, तर बरगड्या चाचपत बसू नका, आधी मोठ्या इस्पितळात पाठवा.

कांदेवाल्या बाईचं पुढे काय झालं ते सांगतो. निदान झाल्यावर मी तिच्या बसण्याची चौकशी केली. पाटी डावीकडून समोर आणली. मांडीऐवजी बुटक्या पाटावर बसायला सांगितलं, म्हणजे कंबर कमी वाकते. प्रेगाबॅलिन बंद केलं. यावेळी इंजेक्शन पाठीकडे न देता कूर्चेच्या टोकाजवळ, सोनोग्राफीखाली, दोन-तीन मिलि दिलं, आणि इंजेक्शनच्या आधी व नंतर हुकाची चाचणी केली. आधी दुखत होतं, नंतर तीच ओढ दिली तर दुखलं नाही. हे उत्तर पहिल्या इंजेक्शनपेक्षा बरंच विश्वासाचं होतं, कारण यावेळी बधिर जागा लहान होती आणि दुखणं मुद्दाम जागं करून पाहिलं होतं. फुप्फुस जवळ असतं, म्हणून इंजेक्शननंतर तिला तासभर बसवून ठेवलं.

दोन महिन्यांत चमक निम्म्यावर आली. पूर्ण गेली नाही. शस्त्रक्रियेबद्दल तिने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं: कूर्चेचा सरकणारा तुकडा काढतात, पण काहींना नंतर पुन्हा दुखतं. अलीकडे तो तुकडा न काढता वरच्या बरगडीला टाक्यांनी बांधण्याची पद्धत आली आहे आणि तिचे निकाल चांगले दिसतात, पण ती करणारे हात अजून मोजके आहेत. तिने थांबायचं ठरवलं. मला ते पटलं. आज ती खळ्यावर काम करते. बरगडी अजून वाजते, पण पाटी समोर असेल त्या दिवशी दुखत नाही.

तुमच्याकडे माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या वेळी कागदावर 'न्यूराल्जिया' लिहिण्याआधी पेशंटला एका बोटाने जागा दाखवायला सांगा, कापसाचा बोळा मणक्यापासून पुढे फिरवा, आणि आपली बोटं दोन्ही बाजूंच्या बरगडीखाली घालून पाहा. याला तीन मिनिटं लागतात. माझ्या पेशंटला ती तीन मिनिटं पावणेदोन वर्षांनी, आणि पित्ताशय गमावल्यावर मिळाली.