‘पाणी’ तीनदा, पण उपयोग शून्य : सर्च आधी काय दाखवतो आणि का

आजचा भाग ऐकताना आकडे थोडे आहेत, म्हणून ही लिखित प्रत. गाडी चालवत ऐकलं असेल तर आता शांतपणे वाचा.

परवा आमच्या सोसायटीत सकाळी सहाला नळ कोरडे. ग्रुपवर मेसेज आला होता म्हणे. मी आदल्या रात्री ‘पाणी’ टाकून शोधलंही होतं. निघालं काय, तर ‘पाणी आलं का’ विचारणाऱ्यांची रांग. कामाचा मेसेज त्या गर्दीत खाली कुठेतरी. चॅटमधला शोध साधारण नव्याकडून जुन्याकडे जातो, त्याला कोणता मेसेज कामाचा हे कळायची गरजच नसते. पण समजा आपल्याला ते ठरवायचं असेल, की शोधलेल्या शब्दांसाठी सगळ्यात वर काय यावं, तर यंत्राला ते शिकवणार कसं? त्याला मराठी येत नाही. त्याला फक्त मोजता येतं.

तर आपण आठ मेसेज घेऊ. एवढाच आपला साठा.

१. उद्या पाणी बंद, टाकी साफ करणार.
२. पाणी आलं का? पाणी कधी येणार? पाणी नाहीये!
३. पाणी जपून वापरा.
४. उद्या लिफ्ट बंद, जिना वापरा.
५. पार्किंगमध्ये कुणाची पांढरी गाडी आहे?
६. गणपतीची वर्गणी रविवारपर्यंत द्या.
७. ओला सुका कचरा वेगळा ठेवा.
८. काल सोसायटीची बैठक झाली. पार्किंगचे नवे दर ठरले, लिफ्टचा करार वाढवला, गणपतीची वर्गणी ठरली, वॉचमन बदलण्यावर चर्चा झाली, पाणी आणि टाकी हे विषय मात्र वेळेअभावी पुढच्या बैठकीत घेऊ.

आणि मी शोधतोय ‘पाणी टाकी’. माणूस म्हणून तुम्ही क्षणात सांगाल, पहिला मेसेज हवा.

आता सगळ्यात बाळबोध पद्धत. शोधलेले शब्द मेसेजमध्ये किती वेळा आले ते मोजा, जास्त तो वर. पहिल्या मेसेजला दोन गुण, एक पाणी आणि एक टाकी. दुसऱ्याला तीन, कारण त्यात पाणी तीनदा आहे. झालं, ओरडणारा माणूस जिंकला. टाकीचं नावही न घेता.

गडबड कुठे झाली? आपण ‘पाणी’ आणि ‘टाकी’ हे दोन शब्द सारख्या मोलाचे धरले. पण या ग्रुपवर आठांपैकी चार मेसेजमध्ये पाणी आहे. पाणी सापडलं म्हणून निम्माच साठा बाजूला झाला. टाकी मात्र फक्त दोन मेसेजमध्ये आहे. टाकी सापडली की आपण आठांवरून थेट दोनांवर येतो. म्हणजे जो शब्द कमी ठिकाणी सापडतो, तो निवड करायला जास्त कामाचा.

ही कल्पना केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांची. १९७२ साली ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’मध्ये त्यांनी ती मांडली. शब्दाचा अर्थ काय ते बघायचं नाही, तो किती दस्तऐवजांमध्ये येतो एवढंच बघायचं. ऐकायला फारच साधं वाटतं, आणि खरंच साधं आहे.

वजन काढायचं कसं, तर निम्मं करत जा. आठ मेसेजवरून चारवर यायला एकदा निम्मं करावं लागतं, म्हणून पाणीचं वजन १. आठवरून दोनवर यायला दोनदा, म्हणून टाकीचं वजन २. एकाच मेसेजमध्ये असलेल्या शब्दाचं, उदाहरणार्थ ‘कचरा’, वजन ३. गणितात याला लॉगरिदम म्हणतात, शाळेतल्या त्या तक्त्यांची आठवण काढू नका. सरळ भागाकार का नाही करायचा? कारण साठ्यात दहा लाख मेसेज असतील तर एकदाच आलेल्या शब्दाचं वजन दहा लाख होईल आणि बाकीचे शब्द त्याच्यापुढे दिसणारच नाहीत. निम्मं करत गेलं तर दहा लाखांवरून एकावर यायला साधारण वीस पायऱ्या लागतात. वजन वीस, हे झेपण्यासारखं आहे.

आता पुन्हा गुण देऊ. प्रत्येक शब्द किती वेळा आला, गुणिले त्याचं वजन.

पहिला मेसेज: पाणी १, टाकी २, एकूण ३. दुसरा मेसेज: पाणी तीनदा, म्हणजे ३. आठवा, बैठकीवाला: पाणी १, टाकी २, पुन्हा ३. तिसऱ्याला १, बाकीच्यांना शून्य.

तिघांची बरोबरी! पहिला मेसेज वर तर सरकला, पण ओरडणारे आणि बैठकीवाले त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. (खरं सांगतो, हे आठ मेसेज मी मुद्दाम असे बेतलेत. पण मोठ्या साठ्यातही याच दोन जातींचा त्रास होतो: एकच शब्द घोकणारे, आणि सगळ्याच विषयांवर थोडं थोडं बोलणारे.)

पहिल्या जातीचं बघू. मेसेजमध्ये ‘पाणी’ एकदा आलं, तर हा मेसेज पाण्याबद्दल असेल अशी शंका येते. दुसऱ्यांदा आलं, शंका पक्की झाली. तिसऱ्यांदा आलं तर फारसं नवीन काही कळलं नाही. दहाव्यांदा आलं तर काहीच नाही. म्हणजे प्रत्येक पुढच्या ‘पाणी’ची किंमत आधीच्यापेक्षा कमी हवी. यासाठी जे सूत्र आजही सर्रास वापरतात त्याचं नाव बीएम-२५. बीएम म्हणजे ‘बेस्ट मॅच’. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत ओकापी नावाची शोधप्रणाली होती, तिथे स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे घडवलं. ओकापी हा आफ्रिकेतला जिराफाचा भाऊबंद. प्रणालीचं आणि त्याचं नाव एकच आहे हे मला उगाचच आवडतं.

या सूत्रात, नेहमीचे आकडे धरले आणि मेसेज सरासरी लांबीचा असला, तर शब्द एकदा आल्यावर १ मिळतो, दोनदा आल्यावर सुमारे १.३८, तीनदा १.५७, दहादा १.९६. आणि २.२ च्या पुढे कधीच जात नाही. हजार वेळा ‘पाणी पाणी पाणी’ लिहा, पाणीचं वजन १ आहे तोवर २.२ ची भिंत. वेबपेजच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शेकडो वेळा कोंबायची युक्ती एके काळी लोक करायचे. अशा भिंतीपुढे ती फुकट जाते.

दुसरी जात, बैठकीचा वृत्तांत. त्यात अठ्ठावीस शब्द आहेत. इतकं लिहिलं की कुठला ना कुठला शब्द येणारच. पहिल्या मेसेजमध्ये फक्त सहा शब्द, त्यातले दोन आपले. म्हणून सूत्र लांबी बघतं, आणि तीसुद्धा साठ्याच्या सरासरीच्या तुलनेत. आपल्या आठ मेसेजमध्ये एकूण चौसष्ट शब्द आहेत, म्हणजे सरासरी आठ. सरासरीपेक्षा लांब असेल त्याचे गुण कापायचे, आखूड असेल त्याला थोडं झुकतं माप द्यायचं.

पहिला मेसेज सरासरीपेक्षा आखूड, त्याचे प्रत्येक शब्दाचे गुण १ ऐवजी १.११ होतात. एकूण वजन ३, म्हणून ३.३४. दुसरा बरोबर आठ शब्दांचा, कपात नाही, पण तीनदा घोकण्याचे फक्त १.५७. आठवा साडेतीन पट लांब, त्याचे शब्दाचे गुण ०.४९ वर येतात, एकूण १.४८. तिसरा, ‘पाणी जपून वापरा’, आखूड असल्याने १.३४.

फुटली बरोबरी. पहिला मेसेज दुपटीहून जास्त पुढे. दुसरा आणि आठवा जवळजवळ एकत्र, आणि त्यांच्यात कोण वर यावा यावर मी भांडणार नाही, माझ्या नळाला दोघांचाही उपयोग नाही.

लांबीची ही कपात किती करायची याची एक मूठ सूत्रात असते, शून्यापासून एकापर्यंत फिरणारी. मी नेहमीचं ०.७५ घेतलं. शून्यावर ठेवली तर कपात बंद, आणि बैठकीवाला पुन्हा पहिल्याच्या बरोबरीला येऊन बसतो. तुमच्या साठ्यात लांब दस्तऐवज खरंच जास्त माहितीचे असतील, समजा कोर्टाचे निकाल, तर ही मूठ खाली आणून बघावी लागते.

आता गंमत संपली, आपल्या भाषेकडे येऊ. मी पहिला मेसेज सोयीचा लिहिला होता. आमचे सेक्रेटरी काका तसं लिहीत नाहीत. ते लिहितात: ‘उद्या पाण्याच्या टाकीची सफाई.’ आता ‘पाणी टाकी’ शोधा. गुण शून्य. खाली जाणं सोडा, मेसेज यादीतच येत नाही. यंत्रासाठी ‘पाणी’ आणि ‘पाण्याच्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, जसे ‘लिफ्ट’ आणि ‘कचरा’. इंग्रजीत ‘टँक’ला फार तर अनेकवचनाचा ‘एस’ लागतो. आपल्याकडे टाकीत, टाकीला, टाकीवरून, टाक्या, टाक्यांमधल्या.

नुकसान दुहेरी आहे. एक तर मेसेज हुकतो. दुसरं, वजनं बिघडतात. ‘पाण्याच्या’ हे रूप साठ्यात एकदाच आलं, म्हणून यंत्र त्याला दुर्मीळ समजून ३ वजन देतं, जणू काही फार खास शब्द आहे. चुकीचं शुद्धलेखनही तसंच. कुणी ‘टाकि’ लिहिलं की ते लगेच अनमोल. तुमच्या स्वतःच्या साठ्यात हे ओळखायचं असेल तर सगळ्या शब्दांची यादी वजनानुसार लावा आणि वरचे पन्नास शब्द वाचा. तिथे विषयाचे शब्द दिसण्याऐवजी विभक्तीची रूपं आणि टायपो दिसले तर रँकिंगच्या सूत्राला हात लावू नका, दोष त्याच्या आधीच्या टप्प्यात आहे.

त्यावर उपाय म्हणजे मोजण्याआधी प्रत्यय काढून टाकणं, मेसेजमधलेही आणि शोधलेल्या शब्दांमधलेही. ‘टाकीची’तून ‘ची’ काढा, टाकी मिळाली. ‘पाण्याच्या’तून ‘च्या’ काढलं तर ‘पाण्या’ उरतं, ते सामान्यरूप आहे आणि त्यावरून ‘पाणी’वर यायला आणखी एक नियम लागतो. नियम जितके धाडसी तितक्या चुका वेगळ्या. शेवटचं ‘ात’ कापा असं सांगितलं की ‘घरात’चं ‘घर’ होतं, छान. त्याच नियमाने ‘वरात’चं ‘वर’ होतं. लग्नाच्या ग्रुपवर कुणी ‘वरात किती वाजता’ शोधलं तर नवरदेवाबद्दलचे सगळे मेसेज वर येतील. म्हणून अशा शब्दांची अपवादयादी हाताने करावी लागते, आणि ती कधी पुरी होत नाही.

तुमच्या ग्रुपवरचे आठ-दहा मेसेज घेऊन कागदावर हे करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ‘वरात’सारखा फसवा शब्द सापडला तर मला कळवा, माझी यादी अजून चाळीसवरच अडकलीये.