बाहेरची खुर्ची कुणाच्या खिशातली?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोडं नीट करून)



मी काही वकील नाही. मॅट्रिक पास, गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. पण आमच्या धक्क्यावर ठेकेदाराच्या बाया झाडू मारतात, ऑफिसं पुसतात, वजनकाट्यावर पावत्या फाडतात. त्यातल्या एकीचा अर्ज मी लिहून दिला. तेव्हा कायद्याचं पुस्तक हातात घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही. आज त्या पुस्तकातल्या एकाच खुर्चीबद्दल बोलणार आहे.

कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर तक्रार ऐकायला मालकानं अंतर्गत समिती नेमायची, असा 2013 चा कायदा आहे. अध्यक्ष कंपनीतलीच वरच्या हुद्द्याची बाई. किमान दोन सदस्य कंपनीतलेच कर्मचारी. आणि एक सदस्य बाहेरचा: बायांच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थेतला, नाहीतर या प्रश्नाची जाण असलेला माणूस. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बाया पाहिजेत.

ही बाहेरची खुर्ची आली कुठून? 1992 साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी नावाची कुंभार जातीची बाई सरकारी योजनेत साथीण म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर वरच्या जातीच्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला. 1995 साली खालच्या कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून त्यांना सोडलं. विशाखा आणि इतर संस्था त्याआधीच, 1992 सालीच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या आणि 13 ऑगस्ट 1997 ला निकाल आला. कोर्टानं सांगितलं की तक्रार समितीत तिसरा पक्ष, म्हणजे बाहेरची संस्था, असलाच पाहिजे. कारणही दिलं: वरून दबाव येऊ नये म्हणून.

हे कारण विसरू नका. बाहेरचा माणूस कंपनीची शोभा वाढवायला नाही. आतल्या सगळ्यांचा पगार ज्या हातातून येतो, त्या हाताला न घाबरणारा एक तरी माणूस खोलीत असावा, म्हणून तो आहे.

आता गंमत बघा. या माणसाला नेमतं कोण? मालक. पैसे कोण देतं? मालक. मुदत कोण ठरवतं? मालकच. कायदा म्हणतो, तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. म्हणजे वर्षाचीही चालते. वर्ष संपलं की पुढचं पत्र द्यायचं की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. साखळी दिसत नाही, पण गळ्यात असते.

मग ही साखळी तोडायची कशी, ते एका उदाहरणानं सांगतो. दोन-तीन ठिकाणचं जोडून, ओळख पुसून सांगतोय. कारण कलम 16 प्रमाणे तक्रार, नावं, चौकशी यातलं काही बाहेर फोडता येत नाही. ते बरोबरच आहे. बाईची अब्रू हा आपल्या भाषणाचा माल नाही.

समजा, एक मावशी आहे. ठेकेदाराकडून एका मोठ्या गोदाम कंपनीत सफाईला. सुपरवायझर रोज पाळी संपताना तिला एकटीला स्टोअररूममध्ये बोलावतो. एक दिवस हात धरतो. मावशी अर्ज देते. ऑफिसातला साहेब म्हणतो, तू आमची नाहीस, ठेकेदाराची. हे खोटं. कायद्यात ठेक्यावरची बाईही कर्मचारीच आहे, मुख्य मालकाला ठाऊक असो वा नसो. अर्ज घ्यावाच लागतो. घटनेपासून तीन महिन्यांत द्यायचा, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

समिती चार जणांची. अध्यक्षबाई मॅनेजर. एक अकाउंटमधली बाई, एक स्टोअरचा साहेब. आणि चौथे एक वकीलसाहेब, 'बाहेरचे'. नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे, तो बोर्डावर होता. नाव वाचून एक जुना कामगार म्हणाला, "अरे, हे तर आपल्या संपाच्या वेळी कंपनीच्या बाजूनं उभे होते!" घरातली जुनी नोटीस काढली. तेच नाव, तीच सही.

कंपनीचा नेहमीचा वकील या खुर्चीत बसू नये, असं कायद्याच्या पानावर सरळ लिहिलेलं नाही. पण जो कंपनीचं मीठ खातो तो बाहेरचा कसा? त्याच्या कामाचा बायांच्या प्रश्नाशी काय संबंध? हे दोन प्रश्न लेखी विचारायचे, आणि पहिल्याच तारखेला विचारायचे. नंतर विचारले तर अपिलात तोंडावर मारतात: तेव्हा गप्प का होतात? मावशीनं अर्ज दिला, सोबत जुन्या नोटिशीची झेरॉक्स लावली आणि पोच घेतली. हा दगड हवेत मारलेला नाही. दिल्ली हायकोर्टानं 2018 साली एका विमान कंपनीची समिती कायद्याप्रमाणे बनलेली नाही म्हणून नव्यानं बनवायला लावली आहे. बाहेरचा सदस्य चुकीचा असेल तर सगळी चौकशीच कोसळू शकते. मालकाला हे समजलं की तो ऐकतो.

वकीलसाहेब गेले. एका संस्थेत वीस वर्षं काम केलेल्या बाई आल्या. झालं का काम? नाही. आता दुसरा डाव सुरू होतो.

नियम असा आहे की चौकशीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर पाहिजेत. त्या तिघांत बाहेरचा असलाच पाहिजे, असं नियमात नाही. मोजा बोटांवर. मॅनेजरबाई एक, अकाउंटबाई दोन, स्टोअरसाहेब तीन. झाला की कोरम! बाहेरच्या बाईंना आदल्या संध्याकाळी फोन जातो, उद्या दहाला बैठक. त्या दुसऱ्या गावी. बैठक होते, मावशीचा जबाब होतो आणि पुढच्या वेळी कागद बाईंपुढे सरकवतात: इथं सही करा. याला मी सहीपुरती सदस्य म्हणतो. ओळखायचं कसं? हजेरीपत्रक बघा. जबाबाच्या तारखेला बाहेरच्या सदस्याची सही आहे का, की नुसती शेवटच्या अहवालावर आहे?

आमच्या गोष्टीतल्या बाई पक्क्या होत्या. नेमणूक घेतानाच त्यांनी पत्रात चार गोष्टी लिहून घेतल्या. मुदत पूर्ण तीन वर्षांची. फी दर बैठकीला ठरलेली, निकाल काहीही लागो. त्या काळात कंपनीचं दुसरं कुठलंही काम, ट्रेनिंगसुद्धा, पैसे घेऊन करणार नाही. आणि आपल्याशिवाय एकही जबाब होणार नाही. सरकारी नियमात फी दिवसाला 200 रुपये आणि प्रवासखर्च एवढीच आहे. बड्या कंपन्या पुष्कळ जास्त देतात. जास्त देणं हा गुन्हा नाही, पण ज्याचं घर एकाच कंपनीच्या पाकिटावर चालतं त्याचं पेन त्या कंपनीविरुद्ध उचलताना जड होतं.

पहिल्या दिवशी बाईंनी काय केलं? मूळ तक्रार स्वतः वाचली, कंपनीनं केलेला सारांश बाजूला ठेवला. एचआरच्या साहेबाला म्हणाल्या, आपण समितीत नाही, बाहेर बसा. मग लेखी मागणी केली की त्या आठवड्याचं कॅमेऱ्याचं चित्रण, गेटचं रजिस्टर आणि हजेरीचं मस्टर आत्ता जपून ठेवा. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि मग सगळे हात वर करतात. समितीला कागद मागवायचा, माणूस बोलवायचा अधिकार दिवाणी कोर्टासारखा आहे. पण तो वापरणारं कुणीतरी लागतं. मावशीचा जबाब मराठीत लिहिला, मराठीत वाचून दाखवला, प्रत्येक पानावर सही घेतली. सुपरवायझरलाही तक्रारीची प्रत, उत्तराला वेळ आणि बोलायला पूर्ण संधी दिली. हे नीट ऐका. बाहेरचा सदस्य मावशीचा वकील नसतो. त्यानं दुसऱ्या बाजूचं ऐकलं नाही तर अपिलात सगळं वाहून जातं. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात चौकशी घाईत उरकली म्हणून सुप्रीम कोर्टानं 2023 साली ती रद्द केली आणि पुन्हा करायला लावली.

नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. संपली. आतले दोघे म्हणाले, साक्षीदार नाही, म्हणून सिद्ध होत नाही. अध्यक्षबाई खाली बघत राहिल्या आणि त्यांच्याकडेच झुकल्या. तीन विरुद्ध एक. बाहेरच्या बाईंनी वेगळं टिपण लिहिलं, दीड पान. बंद खोलीत साक्षीदार कुठून येणार? ही फौजदारी कोर्टाची कसोटी नाही, जास्त शक्य काय आहे ते बघायचं. गेटच्या रजिस्टरप्रमाणे बाकी बाया पाच वाजता बाहेर पडल्या, मावशी रोज पंचवीस मिनिटं उशिरा. सुपरवायझर म्हणतो, ओव्हरटाइम होता. मस्टरवर ओव्हरटाइम नाही. मग ती पंचवीस मिनिटं कुठली? ते टिपण अहवालाला जोडूनच मालकाकडे गेलं. कायद्यात त्याला मनाई नाही. नव्वद दिवसांच्या आत मावशीनं अपील केलं, ते त्या दीड पानावर उभं आहे. निकाल यायचाय. मी खोटा विजय सांगणार नाही.

मालक अशा बाईला उद्या काढू शकतो का? मनाला येईल तेव्हा नाही. गुप्तता फोडली, गुन्हा वा त्याची चौकशी, शिस्तभंगाची कारवाई, पदाचा गैरवापर, एवढ्याच कारणांनी सदस्य काढता येतो. 'कंपनीविरुद्ध टिपण लिहिलं' हे त्या यादीत नाही. पण मुदत संपल्यावर पुन्हा न नेमणं मालकाच्या हातात आहे, आणि तिथं कायदा मुका आहे.

आणखी एका जागी तो मुका आहे. जिल्ह्याची स्थानिक समिती असते, दहापेक्षा कमी माणसांच्या जागेसाठी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर. तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी वा अल्पसंख्याक समाजातली एक तरी बाई असलीच पाहिजे, असं लिहिलंय. कंपनीतल्या समितीसाठी असं एक अक्षर नाही. झाडू मारणारी आपली, आणि ऐकणाऱ्या चारही खुर्च्यांवर तिच्या हातचं पाणी न पिणारे. बाहेरची खुर्ची तरी आपल्या वस्तीतल्या, हे काम जाणणाऱ्या बाईला द्या, अशी मागणी आपण युनियनमधून लेखी करू शकतो. तसं करायला कुणाची मनाई नाही.

तेव्हा उद्या कामावर गेलात की आधी बोर्ड बघा. आदेश लावलाय का? चौथं नाव कुणाचं आहे? ते कंपनीचं दुसरं काय काम करतं? वहीत लिहून आणा. पुढच्या रविवारी आपण ती नावं इथं बसून वाचू. बोर्डच नसेल, तर तेही लिहून आणा. समिती न नेमणाऱ्या मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो अर्ज लिहायला माझं पेन तयार आहे.

जयभीम.