परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे आणि भाषेचे पाठांतर

परीक्षा जवळ आली की भाषाविषयाचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. वाचताना सारे ओळखीचे वाटते. परंतु ओळख पटणे निराळे आणि आठवणे निराळे. उत्तरपत्रिकेत उपयोगी पडते ते आठवणे.

हा भेद अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्पिक आणि रोडिगर यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्पष्ट दिसला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द अर्थांसह शिकविण्यात आले. एकदा आठवलेल्या शब्दांचीही ज्यांनी पुन्हा पुन्हा चाचणी दिली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी असे शब्द चाचणीतून वगळून केवळ वाचणे चालू ठेवले, त्यांना जेमतेम एक तृतीयांश आठवले. मात्र आपल्याला किती आठवेल, याविषयी सर्व गटांचे अंदाज जवळपास सारखेच होते. तेव्हा तयारी झाल्याच्या भावनेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

शालान्त परीक्षेतील संस्कृतचे उदाहरण घेऊ. ‘राजन्’ शब्द चालवायचा आहे. विद्यार्थ्याने पुस्तक मिटून त्याची २४ रूपे कागदावर लिहावीत, लगेच पडताळावीत आणि चुकलेलीच रूपे निराळी काढावीत. ‘राज्ञः’ऐवजी ‘राजनस्य’ लिहिले गेले, तर ‘राम’ शब्दाचा नमुना मध्ये घुसला हे कळते. दुसऱ्या दिवशी नवा शब्द घेण्यापूर्वी हाच शब्द पुन्हा लिहावा; मग तीन दिवसांनी आणि पुढे आठवड्याने. अशी रोजची वीस मिनिटे रविवारच्या सलग दोन तासांपेक्षा अधिक फलदायी ठरतात, कारण थोडे विसरल्यावर प्रयत्नपूर्वक आठवलेले अधिक टिकते.

येथे एक दोष संभवतो. क्रमाने घोकलेली रूपे क्रमानेच आठवतात. सप्तमीसाठी प्रथमेपासून सुरुवात करावी लागते. म्हणून प्रश्न उलटसुलट विचारावेत : तृतीया बहुवचन कोणते? ‘राजभिः’. ‘राज्ञः’ कोठे कोठे येते? द्वितीया बहुवचनात, तसेच पंचमी व षष्ठी एकवचनात. यांपैकी नेमके कोणते, हे वाक्यावरूनच ठरते. यास्तव प्रत्येकाचे एक छोटे वाक्यही लिहावे.

यानंतर झोप. जेन्किन्स आणि डॅलेनबॅक यांनी १९२४ मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करवून दाखवून दिले, की तेवढ्याच तासांनंतर जागे राहिलेल्यांपेक्षा झोपून उठलेल्यांना अधिक आठवते. झोपेत दिवसाचे शिकलेले दृढ होते. न शिकलेले मात्र येत नाही. जागरणाने तर दुहेरी हानी होते : आज वाचलेले पक्के होत नाही आणि उद्या लक्ष लागत नाही. म्हणून निजण्यापूर्वी एक छोटी चाचणी द्यावी, दिवा मालवावा आणि चुकलेली रूपे सकाळी पुस्तक न उघडता पुन्हा लिहून पाहावीत.