गिळलेली कँडल आणि 57 टक्क्यांचा भ्रम

इथे कोलकात्यात माझ्या एका निवृत्त स्नेह्यांनी परवा मला एक आकडा दाखवला. आयटीसीच्या दैनिक चार्टवर ‘बुलिश एन्गल्फिंग’ 57 टक्के वेळा खरं ठरतं म्हणाले, आणि विचारलं, “ग्रॅच्युइटीची रक्कम लावू का?” आज तेवढंच बोलू.

आधी कँडल ओळखू. समजा, घसरत्या भावात काल शेअर 420 ला उघडून 414 ला बंद झाला. आज तो 413.50 ला उघडला आणि 421 ला बंद झाला. आजच्या कँडलच्या शरीराने कालचं शरीर पूर्ण गिळलं, म्हणून हे बुलिश एन्गल्फिंग. पण आज तो नेमका 414 लाच उघडला असता तर? कडक नियमात तो संकेत बाद होतो, सैल नियमात चालतो. ‘घसरता भाव’ म्हणजे किती दिवसांची घसरण, हेही तसंच. हे नियम निकाल बघण्याआधी लिहून ठेवा. नाहीतर हवा तो आकडा येईपर्यंत माणूस नियम बदलत राहतो.

आता 57 टक्के. समजा, दहा वर्षांत 60 संकेत मिळाले आणि त्यांतल्या 34 वेळा पाच दिवसांनी भाव वर होता. ऐकायला छान वाटतं. पण त्याच दहा वर्षांत कोणत्याही दिवशी डोळे मिटून घेतलं असतं, तर 54 टक्के वेळा भाव वर असता, असं धरा. मग 60 पैकी साधारण 32 वेळा यश फुकटच मिळणार होतं. संकेताची कमाई फक्त दोन. साठ वेळच्या खेळात चार इकडे-तिकडे नुसत्या नशिबानेही होतात.

शिवाय संकेत साडेतीनला बाजार बंद झाल्यावरच पक्का होतो. खरेदी दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला, म्हणजे उडीचा काही भाग हातून गेलेला. डिलिव्हरीत खरेदीवर 0.1 आणि विक्रीवर 0.1 टक्का एसटीटी, दलाली वेगळी. सरासरी फायदा इतर दिवसांपेक्षा 0.1 टक्काच जास्त असेल, तर तो करातच संपला.

मार्शल, यंग आणि रोज या अभ्यासकांनी 2006 मध्ये अमेरिकेच्या डाऊ जोन्समधल्या शेअरांवर 1992 ते 2002 या काळातल्या कँडलस्टिक संकेतांची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांना त्यात नफ्याचा आधार सापडला नाही. प्रत्येक शेअरला, प्रत्येक काळात हेच लागू होईल असं नाही. म्हणून स्वतः मोजा, पण शेजारी ‘कोणताही दिवस’ हा रकाना ठेवून.

स्नेह्यांनी तो रकाना भरला. ग्रॅच्युइटी अजून बँकेतच आहे.