गट कुठे पाडायचे?



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. अध्यक्षाने क्षेत्राचा सर्वांगीण आढावा घ्यावा, अशी पद्धत आहे. आज मी ती मोडणार आहे आणि एकाच प्रश्नावर बोलणार आहे: कांद्याला खताच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन त्यांची तुलना करायची असेल, तर शेतात गट कुठे आणि कसे पाडायचे? आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत ‘रँडमाइज्ड ब्लॉक पद्धतीने प्रयोग केला’ असे एक वाक्य असते. गट कोणत्या दिशेने पाडले, हे मात्र क्वचितच सापडते. माझ्या मते प्रयोगाचे निम्मे यश त्या न लिहिलेल्या गोष्टीत असते.

एक प्रयोग प्रत्यक्ष मांडून पाहू. रब्बीचा कांदा, वाण एन-२-४-१. प्रश्न फक्त नत्राचा. हेक्टरी ०, ५०, १००, १५० आणि २०० किलो अशा पाच मात्रा. स्फुरद आणि पालाश सगळ्यांना सारखेच, हेक्टरी ५० किलो. चार गट, प्रत्येक गटात पाचही मात्रा एकेकदा, म्हणजे एकूण वीस वाफे. वाफा ३ मीटर बाय २ मीटर, लागवड १५ बाय १० सेंटिमीटरवर. वाफ्यांमध्ये अर्ध्या मीटरचा बांध आणि दोन गटांमध्ये एक मीटरची जागा पाटासाठी. सगळा प्रयोग १२ बाय १५ मीटरमध्ये, दोन गुंठ्यांच्या आत बसतो.

आता जमीन पाहा. आपल्याकडे कांद्याची बरीच रानं अशी असतात की वरच्या बांधाला मुरमाड, हलकी माती आणि खाली नाल्याकडे खोल काळी. पंधरा मीटरच्या उतरणीतही हा फरक पडतो. खालच्या जमिनीत ओल टिकते, सेंद्रिय कर्ब जास्त असतो, आणि नत्र न देताही तिथला कांदा वरच्यापेक्षा वजनदार निघतो. गट पाडायचे ते हा फरक बाजूला काढण्यासाठी. म्हणून गटाची पट्टी उताराला आडवी हवी. पहिला गट पूर्ण मुरमावर, चौथा पूर्ण काळीत, मधले दोन मधल्या जमिनीत. मग एका गटातले पाचही वाफे एकाच प्रकारच्या मातीत येतात आणि त्यांच्यात उरणारा मुख्य फरक आपण दिलेल्या नत्राचा असतो.

हेच गट उताराच्या दिशेने उभे पाडले, तर प्रत्येक गटात वरचा मुरूमही येतो आणि खालची काळीही. चिठ्ठीने २०० किलोची मात्रा मुरमावर पडली आणि शून्य काळीत, तर त्या गटातली तुलना नत्राची राहत नाही. कागदावर मात्र दोन्ही आराखडे सारखेच दिसतात: पाच उपचार, चार गट, वीस वाफे.

फरक किती पडतो, हे समजावण्यासाठी मी काही आकडे मांडतो. ते कोणत्याही एका प्रयोगाचे नाहीत, गणित दिसावे म्हणून घेतलेले आहेत. समजा, पाच मात्रांचे सरासरी उत्पादन हेक्टरी १८, २२, २६, २७ आणि २६.५ टन आले. गटांची सरासरी एकूण सरासरीपासून वरून खाली उणे ३, उणे १, अधिक १ आणि अधिक ३ टन अशी सरकली. गट आणि उपचार यांचा हिशेब काढून टाकल्यावर जी चूक उरते, तिचे स्वातंत्र्यांश १२. तिचा सरासरी वर्ग १.५ धरला, तर ५ टक्के पातळीवर क्रिटिकल डिफरन्स १.८९ टन येतो. ५० किलो आणि १०० किलो यांतला ४ टनांचा फरक त्यापेक्षा दुपटीहून मोठा आहे, म्हणून तो आपण ठामपणे सांगू शकतो. आता त्याच वीस आकड्यांतून गट पुसून टाका. गटांचा १०० इतका वर्गांचा योग चुकीत मिसळतो, तिचा सरासरी वर्ग ७.८७ होतो आणि क्रिटिकल डिफरन्स ४.२३ टनांवर जातो. ४ टनांचा तोच फरक आता सिद्ध करता येत नाही. उभे गट पाडणाऱ्याची अवस्था साधारण अशीच होते, कारण त्याच्या गटांनी जमिनीतला फरक उचललेलाच नसतो. शिवाय गटांपोटी त्याचे तीन स्वातंत्र्यांशही खर्ची पडलेले असतात.

उतार डोळ्यांना दिसतो, सुपीकतेचा उतार नेहमी दिसत नाही. तो शोधण्याची शास्त्रशुद्ध वाट म्हणजे समरूपता चाचणी: सगळ्या रानात एकच पीक, एकच मशागत, आणि काढणी लहान लहान तुकड्यांत वेगवेगळी वजने घेऊन. तेवढा हंगाम हाती नसेल तर आधीचा मका किंवा बाजरी उभी असताना रान पाहून घ्यावे, मातीचे नमुने रानभर एकत्र न मिसळता पट्टीपट्टीने घ्यावेत आणि शेतमालकाला विचारावे. पाणी कुठे साचते, जुना उकिरडा कुठे होता, बांधावरच्या झाडाची सावली कुठवर येते, हे त्याला ठाऊक असते. उकिरड्याच्या जागी तर प्रयोग मांडूच नये.

गट ठरले की चिठ्ठ्या. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रोथामस्टेडला गेले आणि तिथल्या शेतांवरच्या कामातून त्यांनी ही पद्धत घडवली. १९३५ मध्ये त्यांचे ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ आले. आपल्याकडे ही दृष्टी रुजवण्यात पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांच्या १९५४ च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या शिकवणीतली साधी अट आजही पाळली जात नाही, ती अशी की प्रत्येक गटासाठी नव्याने चिठ्ठ्या काढायच्या. एका गटाचा क्रम काढून तोच चारही गटांत उतरवला, तर २०० किलोचा वाफा दर वेळी त्याच शेजाऱ्याजवळ आणि रानाच्या त्याच बाजूला येतो. त्या बाजूला जे काही असेल, ते सगळे २०० किलोच्या नावावर जमा होते.

आता खताचे वजन. ६ चौरस मीटरला हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे ६० ग्रॅम नत्र, म्हणजे १३० ग्रॅम युरिया. निम्मा लागवडीच्या वेळी, उरलेला ३० आणि ४५ दिवसांनी. ५० किलोच्या वाफ्याला नंतरच्या एकेका हप्त्यात जेमतेम १६ ग्रॅम युरिया येतो. तो मुठीने टाकता येत नाही. प्रत्येक वाफ्याची प्रत्येक हप्त्याची पुडी आधी वजन करून, वाफ्याचा क्रमांक घालून ठेवावी आणि टाकताना बारीक कोरड्या मातीत मिसळावी, म्हणजे ती वाफाभर सारखी पसरते.

याच टप्प्यावर एक चूक शिरते, ती नंतर कोणत्याही गणिताने निघत नाही. स्फुरदासाठी हाताशी असलेले डीएपी वापरले जाते. वाफ्याला ३० ग्रॅम स्फुरद हवे, त्यासाठी ६५ ग्रॅम डीएपी लागते, आणि त्यातून हेक्टरी जवळपास २० किलो नत्र आत जाते. शून्याचा वाफा मग शून्याचा राहत नाही, आणि बाकीच्या मात्राही तेवढ्याच सरकतात. त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावे, वाफ्याला १८७ ग्रॅम, आणि पालाशासाठी ५० ग्रॅम म्युरिएट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असते, आणि कांदा गंधकाला चांगला प्रतिसाद देणारे पीक आहे. इथे ते सगळ्या वाफ्यांना सारखे मिळते म्हणून अडचण नाही. पण कोणी स्फुरदाच्याच मात्रा तपासत असेल आणि त्या सुपर फॉस्फेटमधून देत असेल, तर स्फुरदाबरोबर गंधकही वाढत जाते आणि उत्पादन कशामुळे वाढले हे कोणालाच सांगता येत नाही.

नत्र पाण्याबरोबर चालते, म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाता कामा नये. प्रत्येक वाफ्याला पाटातून स्वतंत्र दार हवे, आणि वरच्या गटाचे जादा पाणी खालच्या गटात न शिरता बाहेर निघाले पाहिजे. त्याच कारणाने कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत. वाफ्यात १३ ओळी, ओळीत ३० रोपे बसतात. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांची दोन-दोन रोपे सोडली, की ११ ओळी आणि २८६ रोपे उरतात, क्षेत्र ४.२९ चौरस मीटर. त्यातून सुमारे १३ किलो कांदा निघाला, तर हेक्टरी ३० टनांचा हिशेब बसतो. त्यातले दहा कांदे घेऊन व्यास मोजला तर ती दहा पुनरावृत्ती होत नाहीत, त्या वाफ्याची ती एकच नोंद होते.

गट जमिनीपुरते ठेवू नका, ही माझी आग्रहाची सूचना आहे. कांद्याची लागवड टोळीने होते. कोणाचा हात खोल लावतो, कोणाचा वरवर. रोपवाटिकेत एका बाजूची रोपे जाड, दुसऱ्या बाजूची बारीक. एका गटाचे पाचही वाफे त्याच बायकांनी, एकसारख्या जाडीची रोपे घेऊन, त्याच दिवशी लावले, तर हा सगळा फरक गटाच्या खात्यात जातो. संध्याकाळ झाली तर गट संपवून थांबावे, अर्धा गट दुसऱ्या दिवसावर टाकू नये. खुरपणी, पाणी, काढणी, वजन, सगळ्याला हाच नियम.

निष्कर्षाबद्दल थोडे. वर मांडलेल्या आकड्यांत १०० आणि १५० किलोंमधला १ टनाचा फरक क्रिटिकल डिफरन्सच्या आत आहे. यावरून ‘दोन्ही मात्रा समान’ असे लिहिले जाते, ते बरोबर नाही. नत्राच्या मात्रा या एका चढत्या प्रमाणावरच्या खुणा आहेत, त्यामुळे दोन-दोन मात्रांच्या जोड्या लावण्यापेक्षा त्यांतून वक्र काढावा. या आकड्यांवर द्विघाती वक्र बसवला तर शिखर सुमारे १६४ किलोंवर येते. युरिया स्वस्त असल्याने खर्चाचा हिशेब त्याला फारसा खाली ओढत नाही. मग शिफारस १६० किलोंची करावी का?

माझे उत्तर नाही असे आहे, कारण रब्बीचा कांदा चाळीत जातो. जास्त नत्राच्या कांद्याची मान जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि साठवणीत सड वाढते. काढणीच्या दिवशीचे वजन घेऊन जो प्रयोग संपतो, त्याने शेतकऱ्याच्या निम्म्या प्रश्नालाच उत्तर दिलेले असते. वीसही वाफ्यांचा कांदा वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत, क्रमांकासह चाळीत ठेवावा आणि दर महिन्याला वजनातली घट, सड आणि कोंब वेगवेगळे नोंदवावेत. चाळीतही वारा सगळीकडे सारखा नसतो. कडेला खेळता, मध्यभागी कोंडलेला, तळाशी आणखी वेगळा. म्हणून एका गटाच्या पाचही पिशव्या एकाच कप्प्यात, एकाच थरात ठेवाव्यात आणि त्यांची जागा पुन्हा चिठ्ठीने ठरवावी. शेतातला आराखडा असा चाळीतही पुढे चालला, तर चार महिन्यांनंतर विकण्याजोगा किती कांदा उरला, यावर मात्रा ठरवता येते.

एका हंगामाच्या, एका रानाच्या प्रयोगावरून जिल्ह्याची शिफारस होत नाही. हे आपण सारे जाणतो, म्हणून त्यावर वेळ घेत नाही.

या व्यासपीठावरून माझी एकच विनंती आहे. पुढच्या परिषदेसाठी जो निबंध पाठवाल, त्यासोबत शेताचा नकाशा जोडा. त्यात उताराची दिशा, पाटाची जागा, गटांच्या सीमा आणि प्रत्येक वाफ्यात पडलेली मात्रा दाखवा. विश्लेषणाच्या तक्त्यात गटांची ओळ गाळू नका. परीक्षकांनाही मी सांगतो, नकाशा नसेल तर निबंध परत पाठवा.